वाक्यात उपयोग करा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक पांढरा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर मार्करने एकच वाक्य लिहिलेलं असतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळांतली मुलं संस्था बघायला येतात. बारा-बारा मुलांची टोळी, प्रत्येक टोळीला एका प्रयोगशाळेत दहा मिनिटं. आधी असा काही नियम नव्हता. मग एका वर्षी एक ज्येष्ठ प्राध्यापक पहिल्याच टोळीशी पाऊण तास बोलले आणि पुढच्या चार टोळ्या व्हरांड्यात उभ्या राहून समोसे खाऊन खाली गेल्या. तेव्हापासून फतवा निघाला: प्रत्येकाने एकच प्रयोग दाखवायचा, आणि तो एका वाक्यात दारावर लिहायचा.

पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं: ‘उष्णतासंवेदी उत्परिवर्तित फळमाश्यांच्या चेतासंधीतील पुटिकांच्या पुनर्चक्रीकरणाचा अभ्यास.’ संगणकावर शब्दकोश उघडून, दोन तास खर्चून. मुलांबरोबर जुन्नरकडच्या एका शाळेच्या बाई आल्या होत्या, मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “मॅडम, यात क्रियापद कुठंय?”

नव्हतंच. बाई म्हणाल्या, “हे शीर्षक झालं. वाक्य म्हटलं की कुणीतरी काहीतरी करायला हवं. यात कर्ता कोण? तुम्ही की माशी?”

आमच्या लिखाणात कर्ता सापडत नाही याची मला इतकी सवय झाली होती की ते खटकायचंही बंद झालं होतं. माश्या ठेवण्यात आल्या, तापमान वाढवण्यात आलं, नोंदी घेण्यात आल्या. कुणी केलं, कुणाला काय झालं, सगळं गुलदस्त्यात. व्याकरणातल्या कर्तरी-कर्मणीला, रंगमंचावरच्या खेळाला आणि आमच्या टेबलावरच्या खटाटोपाला मराठीत एकच शब्द आहे, प्रयोग, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. आणि तिन्हींत कर्ता लपून चालत नाही हेही.

आता त्या कागदामागे काय होतं ते सांगते.

आमच्याकडच्या माश्या म्हणजे केळी जास्त पिकली की घरात घोंघावतात ती चिलटं. ड्रोसोफिला मेलानोगास्टर. मराठी पुस्तकांत त्यांना फळमाशी म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला फळमाशी म्हणजे आंब्यात, पेरूत, काकडीत अंडी घालणारी, आतून फळ सडवणारी कीड. एका मुलाने मला दारातच विचारलं होतं, “तुम्ही ती वाढवता? आमचे बाबा तिच्यासाठी बागेत सापळे लावतात.” ती माशी वेगळी, बॅक्ट्रोसेरा प्रजातीची, घरमाशीएवढी. ती चांगल्या फळाला सुई टोचावी तशी अंडी टोचते. आमची चिलटं आधीच आंबलेल्या फळावर येतात, त्यांना खरं तर फळ नको असतं, फळावरचं यीस्ट हवं असतं. तेव्हापासून मी दारावर ‘फळमाशी’ लिहीत नाही. चिलट लिहिते. आमच्या संचालकांना तो शब्द फार घरगुती वाटतो, पण मुलांना लगेच कळतो.

चिलटं व्हायलमध्ये राहतात. काचेची बोटभर जाडीची नळी, तळाशी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून ओतलेला थर, वर कापसाचा बोळा. बुरशी येऊ नये म्हणून त्यात थोडं प्रोपिऑनिक आम्ल घालतात. खोलीत शिरताच जो वास येतो तो याच खाण्याचा. मुलं नाक दाबतात, मग कुणीतरी म्हणतं, “इडलीचं पीठ उतू गेल्यासारखं,” आणि ते अगदी बरोबर असतं.

यांतल्या काही व्हायल वेगळ्या कपाटात, १८ अंशांवर ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर ‘शिबिरे’ असं लिहिलेलं असतं. मुलं ते वाचून हसतात. “कसली शिबिरे, मॅडम? उन्हाळी?” शिबिरे हा जपानी शब्द आहे, अर्थ लुळं पडणं, बधिर होणं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला तापवल्यावर लुळी पडणारी चिलटं सापडली. सुझुकींचे आजी-आजोबा जपानहून आलेले, त्यातून हे नाव आलं. आता ते नाव कागदावर कसं लिहायचं? एका वर्षी लिहिलं तर दोन शिक्षकांनी गंभीरपणे विचारलं की शिबिरांची नोंदणी कुठे करायची. तेही काढून टाकलं.

प्रयोग साधा आहे. एक पसरट भांडं, त्यात ३१-३२ अंशांचं पाणी, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल असं. दोन रिकाम्या व्हायल. एकीत साधी चिलटं, दुसरीत शिबिरे. दोन्ही एकाच वेळी पाण्यात बुडवायच्या आणि कुणीतरी मोबाइलवर सेकंद मोजायचे. पहिल्या नळीतली चिलटं वर-खाली धावत राहतात. दुसरीतली आधी अडखळतात, काचेवरून घसरतात, आणि एक-दोन मिनिटांत तळाशी उताणी पडतात. मधूनच एखादा पाय हलतो. मग नळी बाहेर काढून थंड पाण्यात धरायची. थोड्याच वेळात एक चिलट कुशीवर वळतं, मग दुसरं, आणि काही मिनिटांत सगळी पुन्हा काचेवर चढू लागतात. या क्षणी खोलीत जो आवाज होतो तो ऐकण्यासाठी मी वर्षभर वाट बघते.

पण तो साधेपणा जमायला मला तीन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी काहीच पडलं नाही. पाणी बरोबर, तापमापी बरोबर, चिलटं बरोबर, पण दुसऱ्या नळीतली चिलटंही मजेत. मुलं कंटाळून फ्रीजकडे बघायला लागली. आमचे मामा गेली वीस वर्षं माश्यांचं खाणं शिजवतात, ते मागे उभे होते. ते म्हणाले, “ताई, ती वर जाऊन बसलीत बघा.” चिलटं मोकळी सोडली की वर चढतात, ही त्यांची जन्मजात खोड. नळीचा वरचा भाग पाण्याबाहेर होता, बोळ्यालगतची हवा थंड होती आणि सगळी तिथे जाऊन बसली होती. तेव्हापासून बोळा नळीत खोल दाबायचा, इतका की त्याचं खालचं टोक पाण्याच्या पातळीच्या खाली जाईल. वर पळायला थंड जागाच उरत नाही.

त्याच्या जोडीला दुसरा धडा. तापमापी पाण्यात ठेवू नका. पाणी ३२ असलं तरी नळीतली हवा मागे असते. चिलट पाण्यात नाही, हवेत आहे. म्हणून आता तिसरी एक नळी असते, आत फक्त तापमापी, बोळ्यातून खुपसलेली. तिच्यावर ३० दिसलं की मी म्हणते, “आता बघा.”

दुसऱ्या वर्षी दोन्ही नळ्यांतली चिलटं पाण्यात घालण्याआधीच पडलेली होती. फेब्रुवारी अखेरीला पुण्यात दुपारी ३२-३३ अंश होतं, आणि माश्या एका इमारतीतून दुसरीत न्यायच्या होत्या. शिबिरे वाटेतच तापून पडतील या भीतीने मी थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या भरल्या होत्या. जरा जास्तच. फार थंडीत चिलट गारठूनही पडतं, साधं असो की शिबिरे. बारा मुलं बघत होती आणि माझ्या हातात दोन नळ्या, दोन्हींत ढिगारा. एका मुलाने विचारलं, “मेली का?” मी म्हटलं, “नाही, गारठलीत.” तो म्हणाला, “मग गरम पाण्याने उलटी जागी होतील की!” आणि खरोखरच पाण्यात घातल्यावर साधी चिलटं उठली. शिबिरेही उठली. मग त्यांतली शिबिरे पुन्हा पडली. ते बघताना मुलांचा जो गोंधळ झाला तो मी कुठल्याही वाक्यात मांडू शकले नसते.

दारावरच्या वाक्याचं घोडं मात्र दरवर्षी कुठेतरी अडत होतं.

बाईंचा प्रश्न डोक्यात ठेवून दुसऱ्या वर्षी मी लिहिलं होतं: ‘आम्ही कोमट पाण्यात चिलटं बेशुद्ध करतो.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, कुणालाही कळेल असं. सकाळी नऊ वाजता आलेल्या पहिल्याच टोळीतल्या एका मुलाने त्याची हवा काढली. “त्यात काय मॅडम, उन्हात उभं केलं की आमच्या वर्गातली पण पडतात. मागच्या पंधरा ऑगस्टला चार पडली.” बरोबरच होतं त्याचं. माझ्या वाक्यातून असं वाटत होतं की ऊब हे कारण आहे. ऊब दोन्ही नळ्यांना सारखीच होती. पडणं एकाच नळीत होतं. म्हणजे दुसरी, न पडणारी नळी वाक्यात नसेल तर वाक्य खोटं नसलं तरी फसवं आहे. प्रयोगशाळेत आम्ही तिला कंट्रोल म्हणतो आणि ती इतकी गृहीत धरतो की सांगायची राहून जाते. त्या मुलाने ती वाक्यात आणली.

‘बेशुद्ध’ हा शब्दही काढावा लागला. एका मुलीने विचारलं, पडलेल्या चिलटाला कळत असतं का. म्हणजे ते झोपलेलं असतं, की जागं असून हलता येत नसतं? मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण बेशुद्ध म्हणताना मी चिलटाच्या शुद्धीबद्दल बोलत होते आणि मोजत होते फक्त त्याचे पाय. मी मोजते ते असं: ते उभं आहे की पडलेलं. त्याहून जास्त काही त्या नळीत दिसत नाही. म्हणून ‘लुळं पडतं’. आजी म्हणायची तसं, लकवा मारल्यासारखं.

त्यानंतरचं वाक्य असं झालं: ‘एकाच कोमट पाण्यात ठेवलेल्या दोन नळ्यांपैकी एकीतली चिलटं लुळी पडतात, दुसरीतली चालत राहतात.’ हे मला आजही आवडतं. यात खोटं काही नाही. पण आमचे प्रमुख म्हणाले, “ही जादूगाराची जाहिरात झाली. का पडतात ते कुठाय?”

का पडतात. इथे दहा मिनिटांतली सहा जातात, आणि इथेही थोडं थांबावं लागेल.

मेंदूतून पायाकडे निघालेला निरोप मज्जातंतूतून विजेसारखा धावतो, पण तंतूच्या टोकाला पोचल्यावर त्याला पुढच्या स्नायूपर्यंत एक फट ओलांडावी लागते. वीज ती फट ओलांडत नाही. टोकाशी रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या तयार असतात. निरोप आला की त्या पिशव्या टोकाच्या पडद्याला चिकटतात, फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. स्नायू ते चाखतो आणि आखडतो. आता पिशवीचं काय होतं? ती पडद्याचाच भाग होऊन जाते. ती परत मिळवायची तर पडद्याचा तेवढा तुकडा आत खेचून, त्याची मान आवळून, तोडून नवी पिशवी करावी लागते. ही मान आवळण्याचं काम एक प्रथिन करतं, डायनॅमिन. ते मानेभोवती कड्यासारखं गुंडाळतं.

मुलांना हे मी मोदकावरून सांगते. पारी हातावर घेतली, पाकळ्या वळवल्या, तोंड जवळ आणलं. शेवटी आई काय करते? वरचं टोक चिमटीत धरून पिळते आणि जास्तीचं पीठ तोडून टाकते. ती चिमूट म्हणजे डायनॅमिन. शिबिरे चिलटांत या प्रथिनातला एक घटक बदललेला असतो. १८-२० अंशांवर त्याचा काही त्रास नाही, चिमूट नीट बसते. ३० अंशांच्या आसपास ते प्रथिन काम सोडतं. मोदक वळला जातो, तोंड जवळ येतं, पण टोक तुटत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तापवलेल्या शिबिरे चिलटांच्या तंतूंची टोकं बघितली की अशा न तुटलेल्या माना पडद्याला लटकलेल्या दिसतात आणि आत पिशव्या संपलेल्या.

यात मला सर्वांत आवडतं ते असं की चिलट लगेच का पडत नाही याचं उत्तरही इथेच मिळतं. आधीच भरून ठेवलेल्या पिशव्या असतात, त्या वापरून होईपर्यंत ते चालतं. ते जितकं धावेल तितक्या लवकर शिल्लक संपेल. पाणी थंड केलं की चिमूट पुन्हा बसायला लागते, लटकलेले मोदक तुटून पिशव्या होतात आणि चिलट उठतं. मुंबईच्या डब्यांसारखं आहे हे. संध्याकाळी रिकामे डबे घरी परत आले नाहीत, तरी त्या दिवशी ऑफिसात कुणी उपाशी राहत नाही. उपाशी राहण्याची पाळी दुसऱ्या दिवशी येते.

“पण पायच बिघडला नसेल कशावरून?” हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि तो बरोबर आहे. पाय लुळा पडला तर दोष तंतूत असेल, फटीत असेल किंवा स्नायूत. १९७६ साली अमेरिकेत काझुओ इकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. तापवलेल्या शिबिरे चिलटाच्या स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडतो. म्हणजे स्नायू ठीक. तंतूला झटका दिला तर तंतूतून लहर जाते. म्हणजे तंतू ठीक. पण तंतूतून आलेली लहर स्नायूपर्यंत पोचत नाही. उरली फट. आपण घरातला दिवा लागला नाही तर आधी बल्ब बदलून बघतो, मग बटण, मग वायर, तसंच. योगायोग म्हणजे त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबैद सिद्दीकी आणि अमेरिकेतले सीमोर बेन्झर यांनीही तापवल्यावर लुळ्या पडणाऱ्या चिलटांच्या तंतूंवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांतल्या एका जातीला त्यांनी ‘कोमॅटोज’ नाव दिलं. ती पडायला जास्त उष्णता मागते आणि उठायला बराच वेळ घेते. तिच्यातला बिघाड निराळा. म्हणजे नुसतं ‘पडलं’ एवढं पुरत नाही, कधी पडलं आणि किती वेळाने उठलं हेही मोजावं लागतं. मोबाइलवरचे सेकंद म्हणूनच.

हे सगळं कोंबून मी चौथ्या वर्षी लिहिलं: ‘कोमट पाण्यात साधी चिलटं चालत राहतात, पण डायनॅमिन बिघडलेली चिलटं लुळी पडतात, कारण त्यांच्या मज्जातंतूंच्या टोकाला रसायनाच्या पिशव्या पुन्हा तयार होत नाहीत.’ श्वास न घेता वाचता येत नाही, पण प्रमुख खूश झाले. मुलं मात्र ते वहीत उतरवताना ‘डायनॅमिन’चं ‘डायनामाइट’ करायची. मी एका वहीत वाचलं आहे: डायनामाइट बिघडलेली चिलटं.

आणि मग ते वर्ष, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

सकाळपासून तीन टोळ्या झाल्या होत्या, सगळं सुरळीत. चौथ्या टोळीसाठी कपाटातून शिबिऱ्यांची नवी व्हायल घेतली, चिलटं रिकाम्या नळीत झटकली, बोळा दाबला. तापमापीवर ३० आलं. “आता बघा,” म्हटलं. काही पडली. उरलेली चालत राहिली. मी आणखी अर्धं मिनिट थांबले. तापमापी ३१. पडलेली पडलेलीच, चालणारी चालतच. अर्धी-अर्धी. असं कधीच झालं नव्हतं. बोळा खाली होता, पाणी बरोबर होतं. साध्या चिलटांची नळी शेजारी शहाण्यासारखी वागत होती.

अशा वेळी माणूस काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. मीही सांगितलं, “कधी-कधी काही चिलटं जास्त दम धरतात.” हे धादांत खोटं होतं आणि बोलताना मला ते कळत होतं.

एक मुलगी भिंग घेऊन टेबलाशी वाकली होती. बराच वेळ काही बोलली नाही. आठवीतली असेल, दोन वेण्या, हाताच्या मागे पेनाने काहीतरी लिहिलेलं. मग म्हणाली, “मॅडम, पडलेल्या सगळ्यांचं बूड काळं आहे.”

मी तिच्या हातातलं भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

नर चिलटाच्या पोटाचं टोक गोल आणि गडद काळं असतं. मादीचं टोकदार, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि मादी थोडी मोठी. नवीन विद्यार्थ्याला हे ओळखायला आम्ही पहिला आठवडा देतो. तळाशी पडलेले सगळे नर होते. काचेवर चालणाऱ्या सगळ्या माद्या. एकही अपवाद नाही. मी दोनदा मोजलं: नऊ पडलेले, अकरा चालणाऱ्या.

तेव्हा मला उमगलं की माझ्या हातात शिबिऱ्यांची व्हायल नव्हतीच. शेजारच्या टेबलावरच्या एका विद्यार्थ्याने आदल्या महिन्यात शिबिरे माद्या आणि साधे नर यांचा संकर लावला होता, आणि ही त्यांची पोरं होती. व्हायलवर तसं लिहिलेलंही होतं. मी फक्त पहिला शब्द वाचून उचलली. शिबिरे जीन एक्स गुणसूत्रावर असतो. नर पिल्लाला एकच एक्स मिळतं आणि ते आईकडून. आई शिबिरे, म्हणून पोरगा शिबिरे. मादी पिल्लाला दोन मिळतात, एक आईचं आणि एक बापाचं. बापाचं चांगलं असलं की त्यातून होणारं डायनॅमिन काम निभावून नेतं आणि ती पडत नाही.

मी मुलांना हे सांगितलं. फळ्यावर दोन रेघा काढल्या, आईचे दोन एक्स, बापाचा एक. घंटा वाजली तरी ती टोळी हलली नाही, आणि पुढची व्हरांड्यात उभी होती. त्या मुलीने विचारलं, “मग यांच्यातल्या माद्यांची मुलं काय होतील?” मी म्हटलं, “तूच सांग.” तिने आईचे दोन एक्स पुन्हा काढले, एक खोडून बघितला, आणि म्हणाली, “अर्धी मुलं पडतील.” मुलगे म्हणायचं होतं तिला. बरोबर होतं. मुलींचं काय, तर ते बाप कोण यावर ठरेल, असंही ती पुढे म्हणाली, मग मैत्रिणीने तिला दंडाला धरून ओढून नेलं.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी ती व्हायल कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर रिकामी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. नऊ नर, अकरा माद्या. ज्याचा संकर होता त्या विद्यार्थ्याला फोन करून सांगितलं की तुझी एक व्हायल मी मुलांना दाखवली. तो म्हणाला, “अरे बापरे! निकाल काय आला?” मी सांगितला. तो म्हणाला, “मी उद्या मोजणार होतो.”

पुढच्या वर्षी दारावरचा कागद मी मुलांनाच लिहायला दिला. वाक्य आधी नाही, शेवटी लिहायचं, बघून झाल्यावर. सात टोळ्या, सात कागद, संध्याकाळी दार भरून गेलं. एकावर फक्त ‘चिलट पडते व उठते’ एवढंच होतं. कर्ता होता, क्रियापदं दोन होती. जुन्नरच्या त्या बाई त्या वर्षी आल्या नव्हत्या, नाहीतर त्यांना दाखवलं असतं.

माझ्या नोंदवहीत आधीच्या वर्षीच्या २८ फेब्रुवारीच्या पानावर मात्र एक वाक्य पेन्सिलीने लिहिलेलं आहे, खाली नऊ आणि अकरा हे आकडे: ‘पडलेल्या सगळ्यांचं बूड काळं आहे.’ मामांनी ते एकदा वाचलं आणि विचारलं, हे तव्याबद्दल आहे का.